पोर कॉस्ट वाढली, पण दारू नक्की गेली कुठे?

प्रश्न: नाशिकजवळ हायवेला आमचा परमिट रूम आहे. गेल्या वर्षी पोर कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या रकमेतला दारूचा खर्च, ३० टक्क्यांच्या आसपास होती, आता ३६ येते. महिन्याला व्हिस्कीच्या साधारण १२० बाटल्या लागतात आणि महिनाअखेरीला चार-पाच कमी भरतात. बारमन जुना आहे, त्याच्यावर थेट संशय घ्यायला मन होत नाही. कॅमेरे लावू, की तूट सगळ्यांच्या पगारातून कापू? चोर कसा ओळखायचा?

उत्तर:

आधी तुम्ही दिलेले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पोर कॉस्ट ३० वरून ३६ होणं म्हणजे तेवढ्याच विक्रीला वीस टक्के जास्त खर्च लागणं. हा सगळा खर्च गायब झालेल्या मालाचा असता, तर १२० बाटल्यांच्या खपामागे तुम्हाला वीसेक बाटल्यांची तूट दिसली असती. तुम्हाला दिसते चार-पाच बाटल्यांची. म्हणजे चार टक्के. त्याने पोर कॉस्ट ३० ची फार तर सव्वाएकतीस होईल. उरलेली वाढ कुठल्याही बारमनने केलेली नाही. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय माणसांकडे बघायचंच नाही.

पहिली गोष्ट खरेदीच्या भावाची. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्यानंतरची आणि त्याआधीची खरेदी बिलं काढा आणि तुमच्या सर्वांत जास्त खपाच्या पाच ब्रँडचे भाव एका कागदावर लिहा. समजा एक ७५० मिलीची बाटली १,००० रुपयांना येत होती. तिचे तीस मिलीचे २५ पेग, म्हणजे पेगला ४० रुपये. विक्री १६० ला, तर पोर कॉस्ट २५ टक्के. तीच बाटली १,२०० ला यायला लागली की पेग ४८ ला पडतो, आणि मेनू कार्ड तेच राहिलं तर पोर कॉस्ट ३० टक्के. एक थेंब न सांडता पाच टक्के गेले. त्यात गिऱ्हाईक महागडा पेग सोडून स्वस्त ब्रँडवर आलं असेल, किंवा हॅपी अवर्सची विक्री वाढली असेल, तर टक्का आणखी हलतो.

विक्रीचा आकडा व्हॅट वगळून घेता ना, हेही तपासा. २०२३ च्या नोव्हेंबरपासून परमिट रूमला दहा टक्के व्हॅट आहे. एका महिन्याचा रिपोर्ट व्हॅटसह आणि दुसऱ्याचा व्हॅटशिवाय घेतला, तर वरच्याच पेगची पोर कॉस्ट एकदा २७ दिसेल आणि एकदा ३०. बिलिंग सॉफ्टवेअर बदलल्यावर हा घोळ मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. मालक महिनाभर कामगारांवर चिडलेला असतो आणि कारण रिपोर्टच्या एका रकान्यात असतं.

म्हणून पोर कॉस्टवरून चोरी शोधायला जाऊ नका. पोर कॉस्ट रुपयांवरून निघते, आणि रुपया भाव, मेनू, सवलत अशा दहा कारणांनी हलतो. गायब माल शोधायचा तर हिशेब मिलीमध्ये आणि एकेका ब्रँडचा लागतो. सुरुवातीचा साठा, अधिक आलेला माल, वजा शेवटचा साठा, हा झाला खरा वापर. बिलांवरून जेवढी दारू जायला हवी होती, तो झाला अपेक्षित वापर. या दोनांतला फरक म्हणजे तुमची तूट. ती महिन्याला काढून उपयोग नाही. तीस दिवसांपूर्वी काय झालं हे कुणाला आठवत नाही, आणि जास्त-कमी एकमेकांत मिसळून जातं. निदान दोन आठवडे रोज, आणि जमलं तर शिफ्ट बदलताना मोजा. सगळा बार मोजू नका, चार-पाच मोठे ब्रँड पुरेत.

उघड्या बाटल्या डोळ्यांच्या अंदाजाने मोजू नका. बाटलीच्या खांद्यापाशी अंदाज हमखास चुकतो. एक ग्रॅम अचूकतेचा साधा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. प्रत्येक ब्रँडच्या दहाएक रिकाम्या बाटल्या बुचाशिवाय वजन करून सरासरी काढा. उघड्या बाटलीच्या वजनातून ती वजा केली की आतल्या दारूचं वजन कळतं. ४२.८ टक्क्यांची आपली नेहमीची व्हिस्की पाण्यापेक्षा हलकी असते, तीस मिलीला साधारण २८ ग्रॅम. काचेचं वजन बाटलीगणिक थोडं कमीजास्त असतं, त्यामुळे एका बाटलीमागे अर्ध्या पेगापर्यंतचा फरक धरून चाला आणि त्यावरून कुणाला जाब विचारू नका. लिक्युअरना हे गणित चालत नाही. साखरेमुळे ती जड असतात, त्यांचा आकडा वेगळा काढावा लागतो.

आता एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. मी ज्या बारचं काम पाहतो त्यांतल्या एकाचा, एका व्हिस्कीचा, एका आठवड्याचा. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत.

सोमवारी सकाळी स्टोअर आणि काउंटर मिळून १४.४ बाटल्या होत्या. आठवड्यात दोन पेट्या, म्हणजे २४ बाटल्या आल्या. पुढच्या सोमवारी ९.६ उरल्या. वापर २८.८ बाटल्या, म्हणजे २१,६०० मिली, म्हणजे ७२० छोटे पेग. बिलिंग सॉफ्टवेअरच्या हिशेबाने गेले ६६० पेग. तूट ६० पेगांची, १,८०० मिली. जवळजवळ अडीच बाटल्या, आणि तीही एका आठवड्यात. मालकांनी मनात एक नाव धरलेलं होतं.

आम्ही सुरुवात बटणांपासून केली. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विक्रीच्या बटणामागे किती मिली वजा होणार ते भरलेलं असतं, आणि एकदा भरल्यावर ते कुणी परत बघत नाही. तिथे व्हिस्की सावरच्या मागे ३० मिली लागलेलं होतं. नवा बारमन आल्यावर रेसिपी ६० ची झाली, ती सॉफ्टवेअरमध्ये कुणी बदलली नाही. त्या आठवड्यात २२ ग्लास गेले होते, म्हणजे ६६० मिली. ही दारू हरवलीच नव्हती. गिऱ्हाइकाने ती प्यायली आणि बिलही भरलं. फक्त त्या कॉकटेलची किंमत ३० मिलीच्या हिशेबाने ठरली होती, ती चूक मालकांची.

दुसरं, फुकट गेलेले पेग. मालकांचे पाहुणे, मालकांच्या भावाचे मित्र, एखाद्या टेबलाची तक्रार मिटवायला कॅप्टनने दिलेला पेग. यातलं काहीच बिलावर येत नाही. बारमनला खुर्ची देऊन बसवलं आणि आठवडा आठवायला सांगितलं, तेव्हा आठ पेग निघाले. ते २४० मिली. हे विचारताना मालक समोर नव्हते, म्हणून नावं निघाली. तुमच्याकडेही याचीच शक्यता मोठी आहे, म्हणून आजपासून शून्य रुपयांचं का होईना, पण बिल फाडायचं ठरवा. मालकांच्या पेगाचंसुद्धा.

तिसरं, हात. काउंटर बंद झाल्यावर त्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून बारमनला नेहमीच्या वेगाने दहा पेग ओतायला सांगितले, एकेक करून मोजपात्रात. सरासरी ३१ मिली आली. माप बरोबर होतं, शिक्का मारलेलं होतं. पण माप ग्लासात उलटं करताना बाटलीची धार चालूच राहायची. गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणून पुष्कळ जुने बारमन असं करतात. दर पेगाला एक मिली म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण कॉकटेल वगळता गेलेल्या ६३८ पेगांना ते जवळजवळ ६४० मिली होतं. ही चाचणी एखाद्याला पकडल्यासारखी घेऊ नका. तसं केलंत तर त्या दिवशी तो अचूक ३० ओतेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. सगळ्यांची घ्या, हसतखेळत घ्या, आणि गर्दीच्या वेळी पुन्हा एखादा पेग टेबलावर जाण्याआधी मोजपात्रात ओतून बघा.

राहिले २६० मिली. आता कुठे माणसांकडे बघायची वेळ आली. शिफ्टवार मोजणीत दिसलं, की हा फरक जवळपास पूर्ण शनिवार रात्रीचा आहे. मग त्या रात्रीचा कॅन्सल रिपोर्ट काढला. पहिली बिल प्रिंट निघाल्यानंतर चार लार्ज पेग बिलातून काढलेले होते, चारही रोखीच्या टेबलांवरचे. चार लार्ज म्हणजे २४० मिली. ओतण्याआधी रद्द झालेली ऑर्डर आणि बिल छापल्यावर रद्द झालेली ऑर्डर यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारात दारू ग्लासात गेलेली असते, गिऱ्हाइकाने पहिल्या प्रिंटप्रमाणे पैसे दिलेले असतात, आणि हिशेबात मात्र कमी पेग लागतात. मधले पैसे कुणाच्या तरी खिशात जातात. उरलेले २० मिली मोजणीतला फरक म्हणून मी सोडून दिले.

म्हणजे साठ पेगांतले खरोखर चोरीला गेलेले आठ. तेही मालकांच्या मनातल्या माणसाने नाहीत, कारण बारमनच्या हातात बिलिंग नव्हतंच. पण नक्की कुणी, हे सिद्ध करता आलं नाही. कॅप्टन, कॅशियर आणि दोन सीनियर वेटर एकच पासवर्ड वापरत होते. आम्ही चौघांना वेगळे पासवर्ड दिले, आणि प्रिंट निघाल्यावर रद्द करायचं तर मॅनेजरची मंजुरी लागेल असं केलं. पुढच्या शनिवारी असा एकही पेग निघाला नाही. प्रत्येक हिशेब इतका पुरता लागतोच असं नाही. कितीतरी वेळा शेवटचा तुकडा तसाच राहतो. स्पिरिट्समध्ये वापराच्या दीड-दोन टक्क्यांपर्यंतचा फरक मी फुटलेला ग्लास, सांडलेला पेग आणि मोजणी यांत धरतो. त्याच्यावर गेला की शोधायला लागतो.

तुमच्या चार-पाच बाटल्यांचं काय, हे मी इथून सांगू शकत नाही. पण तूट कशी दिसते त्यावरून दिशा मिळते. सगळ्याच ब्रँडमध्ये खपाच्या प्रमाणात थोडी थोडी कमी येत असेल, तर हात आणि माप तपासा. फरक पूर्ण बाटल्यांमध्ये येत असेल, म्हणजे उघड्या बाटल्या जुळतात पण सीलबंद दोन कमी, तर तो काउंटरचा प्रश्न नाही. स्टोअरची किल्ली कुणाकडे असते आणि माल उतरवून घेताना पेटी उघडून नग मोजतात का, ते बघा. बंद पेटीवर सही करणाऱ्याला नंतर काही बोलता येत नाही.

एक ब्रँड जितका कमी तितकाच दुसरा जास्त येत असेल, तर सावध व्हा. कधी कधी ते वेटरने घाईत चुकीचं बटण दाबल्यामुळे होतं, आणि मग ते दोन्ही बाजूंना होतं. पण दर वेळी स्वस्त व्हिस्की कमी आणि महाग व्हिस्की जास्त असंच दिसत असेल, तर गिऱ्हाइकाला महागाच्या नावाने स्वस्त पाजली जातेय. ती जास्तीची महाग दारू काही दिवसांनी बाटलीच्या रूपाने बाहेर जाते आणि महागाचा हिशेब बरोबर जुळतो. मग तुम्हाला फक्त स्वस्त ब्रँडची तूट दिसते आणि तुम्ही तिथेच शोधत बसता.

हिशेब जुळला म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. तूट न दाखवता पैसे काढायच्या दोन वाटा आहेत. पहिली, कमी ओतणं किंवा पाणी घालणं. २७ मिलीचे दहा पेग ओतले की एक पेग हातात उरतो, तो बिलाशिवाय विकला की साठा तंतोतंत बरोबर. पाण्याचा संशय असेल तर त्याच ब्रँडची सीलबंद बाटली उघडा आणि दोन्ही नमुने एकाच तापमानाला अल्कोहोल मीटरने तपासा. ७५० मधली ९० मिली काढून तेवढं पाणी घातलं, तर ४२.८ चं ३७.७ होतं. हा फरक साध्या मीटरवरही स्वच्छ दिसतो. साखर असलेल्या दारूला मात्र हा मीटर लावू नका.

दुसरी वाट जास्त धोक्याची. बारमन बाहेरून स्वतःची बाटली आणतो, तुमच्या ग्लासात, तुमच्या बर्फासोबत विकतो आणि रोख घेतो. तुमच्या साठ्यातलं काहीच हलत नाही, म्हणून कुठलीच तूट येत नाही. ती बाटली गोव्याहून आणलेली असू शकते, लष्कराच्या कॅन्टीनची असू शकते, बनावटही असू शकते. उत्पादन शुल्कवाल्यांना ती काउंटरवर सापडली तर प्रश्न बारमनच्या नोकरीचा राहत नाही, तुमच्या लायसन्सचा होतो. हे ओळखायला रिकाम्या बाटल्या मोजा. स्टोअरमधून बाटली काउंटरला देताना लेबलच्या एका कोपऱ्यात तुमची खूण करा, आणि रिकामी परत घेतल्याशिवाय नवी देऊ नका. खूण नसलेली रिकामी बाटली कचऱ्यात निघाली, किंवा लेबलवरचा बॅच नंबर तुमच्या खरेदीत कुठेच नसला, की कळलं. दुसरी खूण सोड्याची. पेगांची विक्री पडली पण सोडा, पाणी आणि चकण्याचा खप तेवढाच असेल, तर गिऱ्हाईक पितंय, फक्त तुमची दारू पीत नाही.

आता पगार कापण्याबद्दल. कृपया हे करू नका. सगळ्यांकडून तूट भरून घेतली, तर दोन महिन्यांत तुमची तूट शून्य होईल, कारण कामगार ती पाण्याने आणि कमी मापाने भरून काढतील. त्यांच्या दृष्टीने तो स्वतःचा पगार वाचवणं आहे. नुकसान तुमच्या गिऱ्हाइकाचं होईल आणि तुम्हाला ते कधी दिसणारही नाही. त्याच कारणाने उत्पादन शुल्काच्या रोजच्या रजिस्टरमध्ये फरक जिरवायला आकडे मागेपुढे करू नका. आत तूट आहे हे कबूल करून ती शोधणं तुमच्या हातात आहे, पण रजिस्टर आणि प्रत्यक्ष साठा वेगळे निघाले तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

कॅमेरा लावायला हरकत नाही, पण मोजणीनंतर. कुठल्या रात्री, कुठल्या तासाला, कुठल्या ब्रँडमध्ये फरक पडतो हे माहीत असेल तर दोन तासांचं रेकॉर्डिंग बघून होतं. ते माहीत नसताना महिनाभराचं रेकॉर्डिंग कुणी बघत नाही. लावणार असाल तर कॅश काउंटर आणि ओतण्याची जागा एकाच चौकटीत येईल असा लावा. पेग जाताना दिसला आणि त्याच वेळी बिल निघालं की नाही, हे एकत्र दिसलं तरच त्याचा उपयोग.

जुन्या बारमनला यात विश्वासात घ्या. मोजणी त्याच्यासोबतच करा, काट्यावर बाटली त्यालाच ठेवू द्या आणि आकड्याखाली दोघांच्या सह्या घ्या. तो प्रामाणिक असेल तर त्याच्यावरचा संशय जाईल, आणि रात्रीच्या गर्दीत कोण काय करतं हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. सीलबंद क्वार्टर आणि बिअर वेगळ्या कागदावर घ्या, त्यांचा हिशेब नगांचा आहे, मिलीत मिसळू नका.

दोन आठवड्यांची मोजणी झाली की पाच ब्रँडचे आकडे इथेच टाका: सुरुवातीचा साठा, खरेदी, शेवटचा साठा, बिलांप्रमाणे गेलेले पेग, आणि शिफ्टवार फरक. सोबत कॅन्सल रिपोर्टमधल्या वेळा द्या, नावं देऊ नका. तेवढ्यावरून पुढे कुठे बघायचं ते सांगता येईल.